दोन दिवसांत मावणारी मालिका

शनिवारी सुरू करून रविवारी रात्री झोपण्यापूर्वी संपेल अशी मालिका कोणती, या प्रश्नाला सहसा नावांची यादी हेच उत्तर मिळते. यादीने सोय होते, पण ती नावे तिथे का आली हे कळत नाही. त्यामुळे पावणेचार तासांची मालिका आणि आठ तासांहून मोठी मालिका शेजारीशेजारी येतात, आणि जिची गोष्ट पहिल्या हंगामाअखेर अर्धीच राहते अशी मालिकाही त्यांच्या सोबतीला बसते. गेल्या दहा-बारा वर्षांत मालिका पाहण्याच्या सवयी फार बदलल्या. त्यांच्याबरोबर या प्रश्नाभोवती काही ठळक भूमिका तयार झाल्या आणि थोडे संशोधनही झाले. त्या सगळ्याचा आढावा घेतल्यावर एक गोष्ट पुढे येते. मालिका किती लहान आहे यापेक्षा ती कुठे तोडता येते, आणि तिचा शेवट आपण किती ताज्या मनाने पाहणार आहोत, यावर आरामात संपणे जास्त अवलंबून असते.

संपणाऱ्या गोष्टीची जुनी वाट

ठरावीक भागांत पूर्ण होणारी मालिका ही ओटीटीने आणलेली गोष्ट नाही. स्वीडिश दूरचित्रवाणीवर १९७३ मध्ये इंगमार बर्गमनची 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' सहा भागांत दाखवली गेली आणि पुढे तिचाच तीन तासांच्या आतला चित्रपट करण्यात आला. १९७७ च्या जानेवारीत अमेरिकेतील एबीसी वाहिनीने 'रूट्स' लागोपाठ आठ रात्री प्रक्षेपित केली. आठवड्याला एक भाग या रूढीला तिथे जाणीवपूर्वक बाजूला ठेवले होते. प्रेक्षकाने एखादी मोठी गोष्ट सलग काही रात्रींत पूर्ण करावी ही कल्पना त्यामुळे निदान अर्धशतक जुनी आहे. फरक इतकाच की रात्री किती पाहायचे हे तेव्हा वाहिनी ठरवत असे आणि आता ते आपल्यावर आले आहे.

आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात तेरा भागांचा हिशेब रूढ होता, कारण आठवड्याला एक भाग धरला तर तेरा भागांत वर्षाचा चौथा हिस्सा भरतो. या चौकटीबाहेरचे मोठे उदाहरण म्हणजे भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची 'तमस'. ती १९८८ च्या जानेवारीत सुरू झाली आणि तिची एकूण लांबी सुमारे पाच तास होती. प्रक्षेपण थांबवावे यासाठी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका पाहिली आणि मग याचिका फेटाळली. तुकड्यातुकड्याने दिसणाऱ्या कृतीवर मत द्यायचे तर ती अखंड पाहावी लागते, हे तत्त्व न्यायमूर्तींच्या त्या निर्णयातून सहज दिसते. 'तमस' आज कोणी शनिवार-रविवारी पाहायला घेतली तर ती लांबीच्या दृष्टीने अगदी बरोबर बसते, हा योगायोग नाही. पाच तासांच्या आसपास एक कादंबरी पडद्यावर मोकळेपणाने मांडता येते आणि तेवढा वेळ सुट्टीच्या दोन दिवसांत सापडूही शकतो.

१ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स'चे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. तेव्हापासून आठवडाभराची सक्तीची वाट उरली नाही आणि मालिका 'संपवणे' हे प्रेक्षकाच्या हातातले काम झाले. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोयही त्याच सुमारास रुळली. आज चर्चेत असलेल्या बहुतेक भूमिका या दोन बदलांना दिलेल्या प्रतिक्रिया आहेत.

भाग मोजावेत की मिनिटे

पहिली आणि सर्वांत लोकप्रिय भूमिका भागांच्या संख्येची आहे. आठपेक्षा कमी भाग असतील तर मालिका लहान, असा हा ठोकताळा. त्याच्या बाजूने सोपेपणा आहे, कारण भागांची संख्या पहिल्या नजरेत दिसते. पण ठोकताळा कुठे फसतो हे दोन उदाहरणांतून कळते. एव्हा ड्यूव्हर्नेची 'व्हेन दे सी अस' (२०१९) चार भागांची आहे, पण तिचा एकटा शेवटचा भाग जवळपास दीड तासाचा आहे आणि एकूण लांबी पाच तासांच्या आसपास जाते. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहॅम यांची 'अॅडोलसन्स' (२०२५) हीसुद्धा चारच भागांची, पण ती पावणेचार तासांत संपते. भागांची संख्या तीच असली तरी दोघींमध्ये एका तासाहून अधिक अंतर आहे. उलट बाजूने पाहिले तर 'बेबी रेनडिअर' (२०२४) सात भागांची असूनही तिचे बरेच भाग अर्ध्या तासाचे आहेत, म्हणून ती साडेसहा तासांच्या सात-भागी 'द क्वीन्स गॅम्बिट'पेक्षा (२०२०) बरीच आटोपशीर ठरते.

म्हणून दुसरी भूमिका म्हणते की एकूण मिनिटे मोजा. प्रत्येक भागाची लांबी मालिकेच्या माहितीपानावर दिलेली असते आणि ती बेरीज करायला मिनिटभर लागते. ही भूमिका मला जास्त पटते, पण तिला एक जोड लागते. मिनिटे कशाच्या तुलनेत मोजायची हे आधी ठरवावे लागते. महाराष्ट्रातील राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. बँकांना मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीच सुट्टी असते, आणि दुकाने, दवाखाने, कारखाने, शिकवण्या यांत काम करणाऱ्या असंख्य लोकांना रविवार हा एकच दिवस मिळतो. ज्याला दोन्ही दिवस मोकळे आहेत त्याच्याकडेही बाजार, स्वयंपाक, पाहुणे आणि आठवड्याची राहिलेली कामे वगळता आरामात पाच ते सहा तास निघतात. त्यातले तीन एका दिवशी आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी धरावेत. ज्याचा शनिवार कामात जातो त्याने शनिवार रात्रीचे दीड-दोन तास आणि रविवार दुपारचे दोन तास एवढेच धरावेत, म्हणजे चार तासांच्या आतली मालिका. या हिशेबात 'अॅडोलसन्स' दोघांनाही चालते, 'चेर्नोबिल' दोन सुट्ट्या असणाऱ्याला चालते, आणि दहा भागांची 'स्कॅम १९९२' आठ तासांहून मोठी असल्यामुळे कितीही वेगवान वाटली तरी कोणालाही आरामात चालत नाही. ती लांब सुट्टीसाठी राखलेली बरी.

गोष्ट खरेच संपते का

तिसरी भूमिका लांबीकडे न पाहता बंद दरवाजाकडे पाहते, म्हणजे गोष्ट त्याच मालिकेत पूर्ण होते का एवढेच विचारते. अमेरिकेतील टेलिव्हिजन अकादमीने एमी पुरस्कारांसाठी मर्यादित मालिकेची जी व्याख्या ठेवली आहे ती इथे उपयोगी पडते. दोन किंवा अधिक भाग, एकूण किमान १५० मिनिटे, आणि एक पूर्ण गोष्ट जिची कथा व मुख्य पात्रे पुढच्या हंगामात चालू राहणार नाहीत. व्याख्या स्वच्छ असली तरी ती प्रदर्शनाच्या वेळच्या हेतूवर उभी आहे, आणि हेतू बदलतात. 'बिग लिटल लाइज' २०१७ मध्ये मर्यादित मालिका म्हणून गौरवली गेली आणि २०१९ मध्ये तिचा दुसरा हंगाम आला. 'द व्हाइट लोटस' आणि 'शोगन' यांनाही यशानंतर पुढचे हंगाम मिळाले आणि त्या मर्यादित गटातून बाहेर पडल्या. मात्र या तिन्हींच्या पहिल्या हंगामाची गोष्ट स्वतःपुरती पूर्ण आहे, म्हणून शनिवार-रविवारच्या प्रेक्षकाचे त्यात नुकसान नाही. पुढचा हंगाम आला याचा अर्थ पहिला अपुरा होता असा होत नाही.

नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली 'समांतर' २०२० मध्ये आली. नऊ आटोपशीर भाग, मराठी प्रेक्षकाला ओळखीचे वातावरण आणि झपाट्याने पुढे नेणारे रहस्य असल्यामुळे ती एका सुट्टीत सहज पाहून होते. पण पहिला हंगाम गाठीवरच थांबतो आणि ती गाठ सुटण्यासाठी २०२१ चा दुसरा हंगाम पाहावा लागतो. हा मालिकेचा दोष नव्हे, पण दोन दिवसांत समाधानाने उठायचे असेल तर निवड चुकते. 'स्कॅम २००३' ची अडचण त्याहून सूक्ष्म होती. तिचे पहिले पाच भाग सप्टेंबर २०२३ मध्ये आणि उरलेले नोव्हेंबरमध्ये आले. सप्टेंबरात पाच भाग पाहून ज्याने ती छोटी मालिका समजली त्याच्या हाती अर्धी गोष्ट आली. माहितीपानावर 'पहिला हंगाम', 'खंड पहिला' असे शब्द असतील तर थांबून चौकशी करावी. 'लिमिटेड सिरीज' असे लिहिलेले असेल तर बहुधा निर्धास्त राहावे. घडून गेलेल्या एकाच प्रकरणावर आधारित मालिकेत गोष्ट पूर्ण होण्याची शक्यता आणखी जास्त असते, कारण त्या प्रकरणाला स्वतःचा शेवट असतो. रमाकांत कुलकर्णींच्या तपासकथनावर आधारलेली 'मानवत मर्डर्स' (२०२४) किंवा उपहार चित्रपटगृहातील आगीनंतरच्या न्यायालयीन लढ्यावरची 'ट्रायल बाय फायर' (२०२३) ही त्याची उदाहरणे.

एका दमात, रोज थोडे की आठवड्याला एक

पाहण्याच्या गतीबद्दलचा वाद सर्वांत जास्त गाजला आणि त्यातच थोडे पुरावे मिळतात. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ५१ विद्यार्थ्यांना शीतयुद्धावरची 'द गेम' ही सहा तासांची बीबीसी मालिका दाखवली. एका गटाने ती आठवड्याला एक भाग अशी पाहिली, दुसऱ्याने रोज एक, तिसऱ्याने एकाच बैठकीत. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या चाचणीत एका बैठकीत पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त आठवत होते. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचीच आठवण सर्वांत वेगाने ओसरली, तर आठवड्याला एक भाग पाहणाऱ्यांची सर्वांत कमी ओसरली. आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचे म्हणजे, एका बैठकीत पाहणाऱ्यांनी मालिका इतर दोन्ही गटांपेक्षा कमी आवडल्याचे सांगितले. नमुना लहान होता, सगळे एकाच विद्यापीठातले होते, आणि मालिका त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती. तरीही सलग पाहण्यात आनंद अधिक असतो हे गृहीत धरता येत नाही एवढे त्यातून नक्की निघते.

झोपेबाबतचा दुसरा अभ्यासही त्याच वर्षीचा आहे. बेल्जियममधील १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांच्या पाहणीत, वारंवार सलग मालिका पाहणाऱ्यांची झोप जास्त खराब असल्याचे दिसले. संशोधकांच्या मते त्याचे एक कारण पडद्यावर घालवलेल्या वेळापेक्षा झोपण्यापूर्वी मनात चालू राहणाऱ्या विचारांत होते. गुंतागुंतीची कथा डोळे मिटल्यावरही थांबत नाही. अर्थात ही एका वेळची पाहणी आहे. ज्यांना झोप लागत नाही तेच रात्री जास्त पाहतात अशीही शक्यता त्यात उरते.

या दोन्ही अभ्यासांतून सलग पाहण्याचे समर्थक आणि विरोधक आपापल्या सोयीचे निष्कर्ष काढतात. समर्थकांचे म्हणणे असे की चांगली मालिका एखाद्या लांब चित्रपटासारखी रचलेली असते आणि तिचे धागे सलग पाहताना अधिक स्पष्ट दिसतात. 'तमस' संपूर्ण पाहणाऱ्या न्यायमूर्तींचे उदाहरण त्यांच्या बाजूने देता येईल. विरोधकांचे म्हणणे असे की भागांमधला रिकामा वेळ हाही रचनेचा भाग आहे, कारण त्या वेळात प्रेक्षक आधी पाहिलेले मनात फिरवत असतो. माझ्या मते शनिवार-रविवार या दोन्हींच्या मध्ये पडतो. त्यात एक रात्र असते. ती कुठे येऊ द्यायची हे ठरवता आले तर दोन्ही बाजूंचे म्हणणे काही अंशी साधते. त्यामुळे निवडीचा खरा कस, मालिकेत एक रात्र सोसणारी जागा आहे का, हा ठरतो.

'चेर्नोबिल'ची विभागणी

हे तपशिलात पाहण्यासाठी क्रेग मेझिन यांची 'चेर्नोबिल' (२०१९) योग्य आहे. ती मुळात आठवड्याला एक भाग अशी पाच आठवडे दाखवली गेली, म्हणजे दोन दिवसांत पाहण्यासाठी ती बनवलेली नव्हती. तिचे पाच भाग आहेत, प्रत्येक साधारण एका तासाचा, शेवटचा त्याहून दहा-बारा मिनिटांनी मोठा, आणि एकूण लांबी सुमारे साडेपाच तास. पहिला भाग स्फोटाच्या रात्रीचा आहे. दुसऱ्यात संकटाचा आवाका शास्त्रज्ञ लेगासोव आणि सरकारी अधिकारी शेर्बिना यांना उमगतो आणि शेवटी तीन माणसे अणुभट्टीखालच्या पाण्यात उतरतात. त्यांचे टॉर्च विझतात आणि भाग तिथेच संपतो. तिसऱ्यात खाणकामगार बोगदा खणतात, मॉस्कोच्या रुग्णालयात अग्निशामक दलातील माणसे किरणोत्साराने मरतात, आणि शेवटी त्यांच्या जस्ताच्या शवपेट्यांवर काँक्रीट ओतले जाते. चौथ्यात साफसफाईचे काम चालते, छतावरचा ग्रॅफाइट माणसांच्या हातांनी काढला जातो. पाचवा भाग खटल्याचा, आणि त्यातच स्फोट नेमका कसा झाला ते उलगडते.

बहुतेक प्रेक्षक शनिवारी दोन आणि रविवारी तीन भाग असा विचार करतील, कारण पहिला दिवस हलका ठेवावासा वाटतो. पण दोन भागांनंतर जी जागा येते ती रात्रीसाठी सर्वांत वाईट आहे. टॉर्च विझलेल्या अंधारात थांबणे जमत नाही, म्हणून तिसरा भाग लावला जातो, आणि रात्री उशिरापर्यंत तो पूर्ण होतो. उरलेली विभागणी मग आपोआप बिघडते. याउलट शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरुवात करून, मध्ये जेवणाची सुट्टी घेऊन, तीन भाग पाहिले तर सव्वातीन तासांच्या आत मालिका एका खऱ्या टप्प्यावर येते. काँक्रीटच्या त्या प्रसंगानंतर एक पर्व संपलेले असते. मनात बरेच काही राहते, पण 'पुढे काय' हा टोचणारा प्रश्न नसतो. रविवारी दुपारी चौथा आणि पाचवा भाग असे दोन तास वीस मिनिटे पुरतात.

या विभागणीचे खरे कारण पाचव्या भागात आहे. लेगासोव न्यायालयात लाल-निळ्या पट्ट्या लावत अणुभट्टीची क्रियाशीलता कशाने वाढते आणि कशाने घटते ते समजावतो. भट्टी थांबवण्यासाठीचे बटण दाबल्यावर आत शिरणाऱ्या दांड्यांच्या टोकाला ग्रॅफाइट असल्यामुळे क्षणभर क्रिया उलट वाढली, हा मालिकेचा गाभा आहे. पहिल्या भागात जे केवळ गोंधळ वाटले होते त्याला इथे अर्थ येतो. रविवारी रात्री अकरा वाजता, सोमवारची कामे डोक्यात असताना, हा भाग डोळ्यांसमोरून निघून जातो आणि मालिका 'संपते', पण कळत नाही. असे झाल्याची खूण ओळखायला सोपी आहे. शेवटी कोण दोषी ठरले ते आठवते, पण स्फोट का झाला हे एका वाक्यात सांगता येत नाही. मर्यादित मालिकांत वजन शेवटाकडे असते, आणि थकवाही शेवटाकडेच साठतो. 'व्हेन दे सी अस'मध्ये तर जवळपास दीड तासाचा शेवटचा भाग मुख्यतः कोरी वाइज या एकाच पात्राच्या तुरुंगवासाला दिलेला आहे. म्हणून शेवटच्या भागाला रविवारची दुपार मिळेल अशी मालिका निवडणे, हा लांबीइतकाच महत्त्वाचा निकष मानायला हवा.

'अॅडोलसन्स' या कसोटीवर विशेष सोपी आहे. तिचा प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात घेतलेला आहे, त्यामुळे भागाच्या मध्ये थांबणे जवळजवळ अशक्य, पण भागांच्या मध्ये काळाच्या मोठ्या उड्या आहेत. पहिला भाग एका मुलाच्या अटकेचा, दुसरा त्यानंतर दोन दिवसांनी शाळेतला, आणि तिसरा त्यानंतर काही महिन्यांनी, तो मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या भेटीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मधली जागा एक रात्र सहज सोसते. शिवाय तिसऱ्या भागातली ती एका खोलीतली भेट ताज्या लक्षाने पाहण्याची गोष्ट आहे.

या मताविरुद्ध काय म्हणता येईल

पहिला आक्षेप साहजिक आहे. मालिका पाहिल्याशिवाय तिची तोडण्याची जागा कशी कळणार, आणि कळण्यासाठी वाचले तर रहस्य फुटणार. यात तथ्य आहे. पण काही गोष्टी कथा न फोडता कळतात. भागांच्या लांबीच्या यादीत शेवटचा भाग बराच मोठा असेल तर वजन कुठे आहे ते दिसते. भागांच्या एका ओळीच्या वर्णनात 'काही महिन्यांनंतर', 'खटला सुरू होतो' असे शब्द असतील तर टप्पा दिसतो. आणि काहीच कळले नाही तरी एक उपाय उरतो. भाग संपताना निर्माण केलेला पेच बहुधा पुढच्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांत सुटतो. 'चेर्नोबिल'मधल्या त्या तीन माणसांचे काय झाले हे तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच कळते. तेवढे पाहून थांबावे आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे जावे. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय खात्याच्या मांडणीतून बंद करून ठेवली तर हे थांबणे बरेच सोपे होते.

दुसरा आक्षेप असा की एवढे नियोजन करायचे तर आनंद कुठला. तिसरा असा की चार तासच हवे असतील तर चित्रपट पाहावा. दुसऱ्याला उत्तर असे की नियोजन पाहताना करायचे नसून निवडताना पाच मिनिटे करायचे आहे, आणि न केल्यास त्याची किंमत रविवारी रात्री मोजावी लागते. तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. तीन तासांचा चित्रपट एका बैठकीसाठी रचलेला असतो, तर चार तासांच्या मालिकेत चार सुरुवाती आणि चार शेवट असतात. 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज'ची मालिका आणि तिचा चित्रपट दोन्ही टिकून आहेत, कारण दोन्ही वेगळे काम करतात. ज्याला एकच संध्याकाळ मोकळी आहे त्याने चित्रपटाकडे वळावे हे मात्र खरे.

विभागणीच्या या नियमाला एक अपवादही मान्य करावा लागतो. शिव रवैल यांची 'द रेल्वे मेन' (२०२३) ही भोपाळ वायुगळतीवरची चार भागांची मालिका प्रामुख्याने एकाच रात्रीत, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीत घडते. तिच्यात रात्र सोसणारी जागा नाही, कारण तिच्यातली रात्रच संपत नाही. अशी मालिका शनिवारी दुपारी सुरू करून, जेवणापुरती थांबवून, त्याच दिवशी पूर्ण करणे अधिक योग्य ठरते.

जे अजून ठरलेले नाही

मेलबर्नच्या प्रयोगात आठवडा, दिवस आणि एक बैठक अशा तीन गती होत्या. शनिवार-रविवारची दोन दिवसांतली विभागणी त्यात नव्हती, त्यामुळे ती रोज एक भाग पाहण्याच्या जवळ जाते की एका बैठकीच्या, हे त्यातून सांगता येत नाही. सोबतीने पाहण्याचा परिणामही त्या प्रयोगात येत नाही, आणि आपल्या घरांत तर मालिका बहुधा दोघे-तिघे मिळून पाहतात. एकाला थांबायचे असते, दुसऱ्याला नाही. इथे लांबीपेक्षा विषयाचा प्रश्न मोठा होतो. 'चेर्नोबिल', 'व्हेन दे सी अस', 'ट्रायल बाय फायर' या सगळ्या लांबीने बसतात, पण विषयाने जड आहेत. आठवडाभराच्या श्रमानंतर अशा गोष्टी विश्रांती देतात की मन आणखी शिणवतात, याबद्दल दोन्ही मते प्रामाणिकपणे मांडली जातात. हलक्या विषयाच्या, खऱ्या अर्थाने संपणाऱ्या चार-पाच तासांच्या मालिका तुलनेने कमी आहेत, कारण विनोदी मालिकांची रचना पुढचे हंगाम चालू राहण्यासाठी केलेली असते. ही कमतरता निवडणाऱ्याच्या हातात नाही.

सत्य घटनांवरच्या मालिकांबाबत आणखी एक प्रश्न उघडा राहतो. 'चेर्नोबिल' आठवड्याला एक भाग दाखवली जात असताना प्रत्येक भागासोबत एक पॉडकास्ट येत असे आणि त्यात स्वतः मेझिन मालिकेत वास्तवापासून काय बदलले ते सांगत. उलाना खोम्युक हे पात्र अनेक शास्त्रज्ञांना मिळून उभे केलेले आहे, हे मालिका शेवटच्या पाटीत सांगते. पण प्रत्यक्ष खटल्याला लेगासोव हजरच नव्हते, हे शोधून वाचावे लागते. आठवड्याने पाहणाऱ्याला त्यासाठी सहा दिवस मिळत. दोन दिवसांत पाहणाऱ्याला पुढचा भाग लगेच समोर असतो. 'द रेल्वे मेन'मधला स्टेशनमास्तर ज्यांच्यावरून सुचला ते भोपाळ स्थानकाचे उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर कोण होते, हे जाणून घ्यायलाही वेळ लागतो. पाच-सहा तासांचा हिशेब करताना या वाचनाचा तास धरावा की नाही, यावर एकमत नाही. तो धरायचा ठरला तर साडेपाच तासांची मालिका सोडून चार तासांची निवडावी लागेल.